‘कसत नाही, वसत नाही’ : पांडवलेणीचा शिलालेख आणि दहा गुणांचं रेडिमेड उत्तर

पोस्ट मोठी आहे. स्पर्धा परीक्षेची किंवा इतिहासाच्या पदवीची तयारी करणारं कुणी घरात असेल तर त्यांना वाचायला द्या. इतरांनीही वाचा, कारण विषय आपल्या नाशिकचा आहे.

सध्या ग्रुपवर एक पीडीएफ फिरतेय. क्लासचं नाव घेत नाही, एकाच क्लासचा दोष नाही हा. प्रश्न असा : गौतमीपुत्र सातकर्णीच्या नाशिक येथील शिलालेखाचा उतारा दिलाय आणि विचारलंय की त्यावरून तत्कालीन आर्थिक व सामाजिक स्थितीवर प्रकाश टाका, गुण 10. खाली ‘आदर्श उत्तर’. राजा दानशूर होता. बौद्ध धर्माला राजाश्रय होता. शेती भरभराटीला आली होती. 200 निवर्तने म्हणजे इतके एकर जमीन दिली. भूमिदानातून सरंजामशाहीची सुरुवात झाली. गौतमीपुत्र हे नाव आईवरून, म्हणून समाज मातृसत्ताक होता. संपलं.

सहा वाक्यं, आणि त्यातलं एकही त्या उताऱ्यातून सिद्ध होत नाही. काही तर त्याच भिंतीवरचा दुसरा लेख वाचला की सरळ कोसळतात. पोरं हे पाठ करतायत. महामार्गावरून रोज ज्या डोंगराकडे बघत जातात त्याच डोंगरातला लेख आहे हा, आणि तो सोडून पीडीएफ पाठ करतायत. याचा राग येतो.

आता लेखात काय आहे ते बघू. लेणं क्रमांक 3, व्हरांड्यातली भिंत. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. पहिली गोष्ट ही लक्षात घ्या की हे राजाचं स्तुतिगीत नाही, ते ऑफिसचं पत्र आहे. राजा गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, कळवतो की अपर-कखडी गावातलं उषवदाताच्या उपभोगात असलेलं 200 निवर्तनांचं शेत आम्ही त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना देतो. त्या शेताला सवलती देतो, त्यांची नोंद करून घ्या. हुकूम तोंडी दिला कुणी, लिहिला कुणी, पत्र कुणाकडे ठेवलं, वर्ष 18, पावसाळ्याचा दुसरा पक्ष, पहिला दिवस. आजच्या फेरफाराच्या कागदासारखाच मामला. भिंतीवरची ती नक्कल आहे, सर्वांना दिसावी आणि कुणी नंतर नाही म्हणू नये म्हणून कोरलेली.

दगडावरचा लेख असो की ताम्रपट, स्रोत-प्रश्नात पहिलं वाक्य हेच हवं : हा कागद कुणी, कुणाला, कशासाठी लिहिला? हुकूम असेल तर त्यातल्या कारभाराच्या तपशिलावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. प्रशस्ती असेल तर राजाला स्वतःबद्दल काय ऐकायला आवडायचं ते कळतं. त्याच लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. त्यात तिच्या मुलाने चार वर्णांचा संकर थांबवला असं म्हटलंय. ती प्रशस्ती आहे. आणि कान्हेरीच्या लेखावरून दिसतं की त्याच सातवाहन घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची, म्हणजे शकांच्या घरातली मुलगी होती. आता काढा निष्कर्ष संकर थांबल्याचा!

असो. हुकुमाकडे येऊ. सवलतींची यादी आहे : अपावेस, अनोमस, अलोणखादक, अरठसविनयिक. म्हणजे राजाच्या माणसांनी त्या शेतात शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अंमलदारांनी तिथे अंमल चालवायचा नाही. पीडीएफ यावर एका ओळीत म्हणते, ‘दान करमुक्त होते’. अरे, ‘कर’ हा शब्द तरी आहे का त्या यादीत? शेवटी ‘सर्व प्रकारचे परिहार’ असं मोघम म्हटलंय, त्यात करमाफी येत असेलही. पण ज्या चार गोष्टी नावानिशी सांगितल्यात त्या कारभाराच्या आहेत.

ही यादी उलटी वाचायची असते. माफी कशाची मिळते? जी गोष्ट एरवी लागू असते तिची. या शेतात शिरायचं नाही असं सांगावं लागतं, याचा अर्थ शेजारच्या शेतात शिरत होते. मीठ खणायचं नाही असं सांगावं लागतं, याचा अर्थ जमिनीतल्या मिठावर राजाचा हक्क धरलेला होता. दान मिळालेल्या शेताबद्दल हा लेख जेवढं सांगतो त्यापेक्षा जास्त दान न मिळालेल्या शेतांबद्दल सांगतो. विद्यार्थ्याने एवढं एक वाक्य लिहिलं तरी मी त्याला निम्मे गुण देईन.

पण इथेच एक खड्डाही आहे. काही हुशार पोरं पुढे जाऊन लिहितात, ‘नाशिक परिसरात मिठाचे उत्पादन होत होते’. थांबा. हेच शब्द कार्ल्याच्या लेण्यात भिक्षूंना करजक गाव दिल्याच्या लेखातही आहेत. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळी दानं आणि यादी तीच. म्हणजे ही दफ्तरातली ठरलेली शब्दावली. त्यावरून सातवाहन सरकार कोणकोणते हक्क सांगत होतं ते कळतं. कखडीच्या शेतात मीठ होतं की नाही ते कळत नाही. ठरलेली शब्दावली कुठली आणि त्या एका जागेपुरता तपशील कुठला, हे ओळखायची रीत सोपी आहे. दुसरा एखादा लेख शेजारी ठेवायचा. दोन्हीकडे जे सारखं ते दफ्तराचं, जे फक्त एकीकडे ते त्या गावाचं.

मग या लेखात फक्त कखडीचं काय आहे? उषवदाताचं नाव. उषवदात हा क्षहरात नहपानाचा जावई, म्हणजे गौतमीपुत्राने ज्याचा पाडाव केला त्याचा माणूस. नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडलेल्या ठेव्यात नहपानाची हजारो नाणी गौतमीपुत्राने आपला छाप मारून पुन्हा चालवलेली आहेत. शेताचंही तसंच झालं : जुन्या सत्तेच्या माणसाच्या हातातलं शेत नव्या राजाने स्वतःच्या नावाने दान दिलं. राजा उदार होता का, मला माहीत नाही. जिंकलेल्या मुलखात भिक्षूंसारख्या वजनदार संस्थेला आपल्याकडे वळवायचं काम मात्र त्याला होतं, आणि हुकूम निघाला तोही विजयी सैन्याच्या छावणीतून.

आता मुख्य मुद्दा. त्याच भिंतीवर खाली दुसरा हुकूम आहे, वर्ष 24. सहा वर्षांनंतरचा. हा गौतमीपुत्राच्या आणि राजमातेच्या नावाने निघालेला आहे, अमात्य श्यामकाला. त्यात सरकार स्वतःच म्हणतं की कखडी गावात आम्ही पूर्वी शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि ते गाव वसत नाही. मूळ शब्द ऐका : ‘न कसते’, ‘न वसति’. शेत कसणं, गाव वसणं. अजून आपल्या तोंडात आहेत हे शब्द. भाषांतर करायचीही गरज नाही.

पुढे हुकूम सांगतो की म्हणून आता नगराच्या शिवेवर आमचं जे राजकीय शेत आहे त्यातली 100 निवर्तनं भिक्षूंना द्या, आणि सवलती पूर्वीसारख्याच.

‘शेती भरभराटीला आली होती’ म्हणे! राजाच्या दफ्तरात नोंद आहे की शेत पडीक आणि गाव ओस. पीडीएफवाल्यांनी पहिला लेख घेतला आणि दुसरा सोडला. उतारा निवडतानाच उत्तर ठरवून टाकलं.

पडीक का पडलं? लेख सांगत नाही. लढाई झाली होती, लोक पळाले असतील. पाऊस गेला असेल. नवा मालक नको म्हणून कुळं दुसरीकडे गेली असतील. परीक्षेत लिहायचं असेल तर ‘कारण लेखात नाही, सत्तांतराशी संबंध शक्य आहे’ इतकंच लिहावं. तीन शक्यतांपैकी एक उचलून ठासून सांगायची नाही. पण कारण कळलं नाही तरी एक गोष्ट पक्की कळते. 200 निवर्तनं जमीन कागदावर भिक्षूंची होती, सवलती पूर्ण होत्या, शिक्का-मोर्तब होतं, आणि तरी हाती काही आलं नाही. कारण कसायला माणूस नव्हता. त्या दानाची किंमत जमिनीत कमी आणि कसणाऱ्यांत जास्त होती. आणि ती माणसं दोन्ही हुकुमांत कुठेही नावाने येत नाहीत. अमात्याचं नाव आहे, पत्र लिहिणाऱ्याचं आहे, कसणाऱ्याचं नाही. सामाजिक स्थिती विचारलीय ना? ही घ्या.

200 च्या जागी 100 का दिली, यावरही विचार करता येतो. नगराजवळची, कसलेली जमीन निम्मी असूनही तोलामोलाची धरली गेली असेल. शक्य आहे, सिद्ध नाही. आणि कृपा करून निवर्तनाचे एकर करू नका. निवर्तनाचं माप काठीवर, काठीची लांबी हातांवर, आणि ग्रंथागणिक हे आकडे बदलतात. कौटिल्याचं माप घेऊन सातवाहनांचं शेत मोजायचं आणि वर दशांश चिन्हासकट एकर लिहायचे, हा नुसता दिखावा झाला. 200 आणि 100 हे प्रमाण खात्रीचं आहे, तेवढ्यावर बोला.

दुसऱ्या हुकुमात अजून एक शब्द मोलाचा आहे : ‘राजकं खेतं’, राजाचं शेत, ‘आमच्या मालकीचं’. आता लेणं 10 मध्ये या. उषवदाताच्याच एका लेखात तो सांगतो की त्याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांना शेत विकत घेऊन भिक्षूंना दिलं, आणि ते शेत अश्विभूतीच्या वडिलांचं होतं. एका डोंगरावर दोन्ही साक्षी आहेत. राजाचं म्हणून वेगळं शेत होतं, आणि बापाकडून मुलाकडे आलेलं, पैसे घेऊन विकता येणारं शेतही होतं. सगळी जमीन राजाची, हे पाठांतर इथेच संपतं. जमिनीचा दर मात्र काढता येत नाही, कारण किंमत दिलीय पण क्षेत्रफळ दिलेलं नाही. नाही ते नाही.

जिथे हिशोब करता येतो तिथे मात्र करावा, आणि हा तर झकास आहे. उषवदाताने 3000 कार्षापण गोवर्धनच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. 2000 एका विणकर श्रेणीकडे, दर शेकडा 1 पडिक. 1000 दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दर शेकडा पाऊण पडिक. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजच वापरायचं. (मूळ शब्द ‘कोलिक’ आहे. तो विणकर. कोळी समाजाशी जोडून पोस्टी टाकू नका.) आता हा दर महिन्याचा की वर्षाचा? लेख पुढे सांगतो की पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत. करा गणित. 20 गुणिले 12, म्हणजे 240. 2000 वर महिना शेकडा 1 धरला तर महिन्याला 20, वर्षाला 240. पैशापैशाने जुळतं! वर्षाचा दर धरला तर फक्त 20 येतात, भिक्षूंना प्रत्येकी एक. म्हणजे दर महिन्याचा, वर्षाला 12 टक्के, आणि दुसऱ्या ठेवीवर 9 टक्के, ज्याचे वर्षाला 90 येतात. लेखाने लेखाचीच तपासणी केली. बाहेरचं पुस्तक उघडावं लागलं नाही.

आणि आता दोन्ही दानं शेजारी ठेवा. राजाचं शेत सहा वर्षांत ओस पडल्याची नोंद आहे. विणकरांकडची ठेव मात्र अशी योजली होती की गाव वसो वा न वसो, कापड विकलं जात असेल तोवर वस्त्रांचे पैसे येत राहतील. नगरातल्या कारागिरांकडे व्याजाने पैसा ठेवायला राजाच्या जावयाचा भरवसा बसत होता, ही गोष्ट ‘व्यापार-उद्योगाची प्रगती झाली होती’ या गुळगुळीत वाक्यापेक्षा किती तरी जास्त सांगते.

सरंजामशाहीचं काय? रामशरण शर्मांनी या लेखांतल्या सवलतींचा उपयोग आपल्या मांडणीत केला आहे आणि ती मांडणी गंभीर आहे. पण ती शेकडो वर्षांच्या दानपत्रांची साखळी दाखवून केलेली आहे. एका उताऱ्यावरून तो शब्द फेकणं म्हणजे शर्मांचं नाव घेऊन आळस करणं. नाशिकच्या लेखांत तर उलट खुणाही आहेत. गोवर्धनला वर्ष 18 मध्ये अमात्य विष्णुपालित, वर्ष 24 मध्ये श्यामक, आणि पुळुमावीच्या 22 व्या वर्षी शिवस्कंदिल. नावं बदलतायत. हे बदलीचे अधिकारी वाटतात, वतनदार सरदार नाहीत. शिवाय दिलेलं शेत नीट चालत नाही हे केंद्राला कळतं, आणि ते बदलून देतं. सत्तेचा हात इथे सैल झालेला दिसत नाही.

तुलनेसाठी एक ताम्रपट घेऊ, म्हणजे फरक कळेल. वाकाटक दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट, अचलपूरजवळचा. योगायोगाने तोही 18 व्या वर्षाचा. चर्मांक नावाचं गाव 1000 ब्राह्मणांना दिलंय. यादी आता लांबली आहे : चाट-भाटांनी शिरायचं नाही, गाय-बैल द्यायचे नाहीत, फुलं-दूध नाही, चराई, चामडं, कोळसा नाही, मीठ खणणं नाही, विष्टी म्हणजे वेठ नाही, आणि गुप्तधनही दान घेणाऱ्याचं. उलटी वाचा ही यादी. शेजारच्या गावाला अधिकारी आला की बैल, दूध, चामडं, कोळसा आणि फुकटचं राबणं द्यावं लागत होतं. विदर्भातल्या सामान्य माणसाचं आयुष्य त्या एका ओळीत आहे, आणि ते त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून कुणी लिहिलेलं नाही.

पण त्याच ताम्रपटात अटीही आहेत. ब्राह्मणांनी राज्याविरुद्ध द्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. केला तर राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. क्लासच्या नोट्समध्ये सवलती सगळ्यांना तोंडपाठ, अटी कुणाला माहीत नाहीत. अटीही उलट्या वाचल्या पाहिजेत : दान घेणारे हत्यार उचलतील, शेजारच्या गावावर चढून जातील ही भीती राजाला होती, म्हणून तर लिहून घेतलं. आणि 1000 म्हटलं तरी नावं कोरलीत 49. तेव्हा आकडाही डोळे मिटून घेऊ नये.

राहिली ‘मातृसत्ता’. नाव आईच्या गोत्रावरून, पण गादी बापाकडून मुलाकडे. राजमातेच्या नावाने हुकूम निघतो, तिचं वजन होतं हे खरं. ‘राजमातेचा कारभारात सहभाग होता’ इथे थांबा, पुढे लेख नेत नाही.

पेपर काढणाऱ्यांनाही एक सांगायचंय. उतारा चार ओळींचा कापून, कुठला, कुणी कुणाला लिहिलेला हे न सांगता ‘प्रकाश टाका’ म्हटलं की पाठांतरच बाहेर येणार. वर्ष 18 आणि वर्ष 24 चे दोन्ही हुकूम पूर्ण द्या, वि. वा. मिराशींच्या सातवाहनांवरच्या पुस्तकात मराठीतून मिळतात. आणि तीनच गोष्टी विचारा : पहिल्या हुकुमातून शेजारच्या गावांबद्दल काय कळतं, सहा वर्षांत काय बदललं, आणि कशाबद्दल हे दोन्ही लेख गप्प आहेत. बघा मग किती क्लासच्या पीडीएफ उपयोगी पडतात.

कमेंटमध्ये ‘कखडी म्हणजे आमचंच गाव’ असं लिहिणाऱ्यांनी नावातल्या सारखेपणापलीकडे काही पुरावा असेल तर जरूर द्यावा. आणि ज्या क्लासला ही पोस्ट झोंबेल त्यांनी त्या सहा वाक्यांपैकी एक तरी लेखातल्या शब्दावर बोट ठेवून सिद्ध करून दाखवावं. पोस्ट पब्लिक आहे, उत्तर इथेच द्या.